फुल अँड फायनलचे पैसे अडले तर: कामगार कार्यालयातली तक्रार वेगळी, दावा वेगळा

नोकरी सुटल्यावर कंपनीकडे जे पैसे राहतात, त्यांना आपण सगळे एकाच नावाने ओळखतो: फुल अँड फायनल. एचआरचे पत्र आले की त्यातही एकच आकडा असतो, आणि पैसे अडले की माणूस त्या एकाच आकड्याची तक्रार घेऊन कामगार कार्यालयात जातो. तिथे अर्ज घेतला जातो, आवक शिक्का मिळतो, काही आठवड्यांनी कंपनीला पत्र जाते. कंपनीचा माणूस एखाद्या तारखेला येतो, पुढची तारीख मागतो. असे महिने जातात आणि मग कुणीतरी सांगते की या अर्जावर आदेश निघूच शकत नाही.

हे टाळता येते. त्यासाठी दोन गोष्टी आधी समजून घ्याव्या लागतात. पहिली, ‘फुल अँड फायनल’ नावाची एक रक्कम कायद्यात नाही; तिथे पगार वेगळा, ग्रॅच्युइटी वेगळी, पीएफ वेगळा, आणि प्रत्येकाचे दार वेगळे. दुसरी, कामगार कार्यालयात साधी तक्रार देणे आणि वेतनाचा दावा दाखल करणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. तक्रारीने अधिकारी कंपनीला बोलावतो, समजावतो, तपासणी करू शकतो. दाव्यावर मात्र अधिकारी न्यायनिवाडा करतो, रक्कम ठरवतो आणि ती वसूल होऊ शकते. हा लेख मुख्यतः त्या दाव्याबद्दल आहे, आणि महाराष्ट्रातल्या खासगी कंपनीत काम करणाऱ्यांसाठी आहे.

कायदा आता कोणता

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. पगाराच्या बाबतीत 1936 च्या वेतन प्रदान कायद्याची जागा वेतन संहिता, 2019 ने घेतली. नोकरी सुटलेल्या माणसासाठी या बदलातल्या तीन गोष्टी फार मोलाच्या आहेत.

जुन्या कायद्यात महिना 24,000 रुपयांपेक्षा जास्त पगार असणाऱ्याला या दारातून आतच येता येत नव्हते. हिंजवडीतला सॉफ्टवेअर इंजिनिअर, बँकेच्या कॉल सेंटरचा टीम लीडर, कारखान्यातला मॅनेजर, यांना ‘तुम्ही कामगार नाही, दिवाणी न्यायालयात जा’ असे सांगितले जायचे. नव्या संहितेत वेतनाच्या दाव्यासाठी ‘कर्मचारी’ हा शब्द आहे आणि त्यात पर्यवेक्षक, व्यवस्थापक, प्रशासकीय काम करणारे सगळे येतात. पगाराची मर्यादा नाही.

दुसरे म्हणजे मुदत. पूर्वी 12 महिन्यांत अर्ज करावा लागे, आता हक्क निर्माण झाल्यापासून 3 वर्षे मिळतात. त्यानंतरही उशिराचे पटण्याजोगे कारण दिले तर अधिकारी अर्ज घेऊ शकतो. पण तुमची नोकरी 21 नोव्हेंबर 2025 च्या आधी सुटली असेल, तर जुनी 12 महिन्यांची मुदत धरूनच चाला. नव्या 3 वर्षांच्या भरवशावर थांबू नका.

तिसरी गोष्ट हिशोबाच्या तारखेची. संहितेच्या कलम 17 प्रमाणे काढून टाकले, बडतर्फ केले, नोकरकपात केली, कर्मचाऱ्याने स्वतः राजीनामा दिला किंवा आस्थापना बंद पडली, तरी देय वेतन दोन कामाच्या दिवसांत दिले पाहिजे. पूर्वी दोन दिवसांचा हा नियम फक्त मालकाने काढल्यास होता. राजीनामा देणाऱ्यालाही आता तो लागू आहे. ‘आमच्या पॉलिसीप्रमाणे फुल अँड फायनल 45 दिवसांत होते’ हे वाक्य एचआरच्या जवळजवळ प्रत्येक मेलमध्ये असते. कंपनीची पॉलिसी कायद्याच्या वर नसते. दोन दिवस संपले की वेतनाची थकबाकी सुरू झाली.

नवे कायदे आले म्हणून कार्यालय बंद पडलेले नाही. जुन्या कायद्यांखालच्या नेमणुका, अधिसूचना आणि नियम संहितेशी विसंगत नसतील तितपत चालू राहतील, असे संहितेतच म्हटले आहे. म्हणून ‘नवे नियम यायचे आहेत, नंतर या’ असे कुणी सांगितले तर शांतपणे कलम 69 कडे बोट दाखवावे आणि अर्जावर आवक क्रमांक मागावा.

एका हिशोबाची फोड

आता एक उदाहरण घेऊ. चाकणच्या एका पॅकेजिंग कंपनीत स्टोअर असिस्टंट म्हणून काम करणारी बाई आहे असे समजा. 4 मार्च 2019 ला ती लागली. एकूण पगार महिना 30,000 रुपये. त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 15,600, उरलेला घरभाडे भत्ता आणि प्रवासभत्ता. 12 जानेवारी 2026 ला, सोमवारी संध्याकाळी, तिला सांगण्यात आले की उद्यापासून येऊ नका. डिसेंबरचा पगारही ‘हिशोबात एकदमच देऊ’ म्हणून थांबवलेला होता.

सात आठवड्यांनी कंपनीचा कागद येतो. त्यात डिसेंबरचा आणि जानेवारीच्या 12 दिवसांचा पगार धरलेला आहे, पण ‘हरवलेला बारकोड स्कॅनर’ म्हणून 18,500 रुपये वजा आहेत. रजेचे पैसे नाहीत, नोटिशीच्या महिन्याचे नाहीत, ग्रॅच्युइटीचा उल्लेखच नाही. हाती 23,113 रुपये. खाली एक ओळ: ‘माझे सर्व येणे मला मिळाले असून कंपनीवर माझा कोणताही दावा उरलेला नाही.’ सही केली की चेक.

ती सही तिने करू नये. केली असेल तरी सगळे संपले असे नाही. संहितेच्या कलम 60 प्रमाणे कर्मचाऱ्याने कायद्याने देय रकमेवरचा हक्क सोडून दिल्याचा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. पण सही असेल तर कंपनी तोच कागद पहिल्या तारखेला पुढे करते आणि निम्मा वेळ त्याच्यावर वाद घालण्यात जातो. घरात पैशांची नड असेल आणि चेक घेणे भागच असेल, तर ‘रक्कम भाग म्हणून, हक्क राखून स्वीकारली’ असे हाताने लिहून तारखेसह सही करावी आणि त्या कागदाचा तिथल्या तिथे फोटो काढून ठेवावा.

आता तिचा हिशोब तिने स्वतः मांडायचा. डिसेंबरचे 30,000. जानेवारीचे 12 दिवस, म्हणजे 30,000 ला 31 ने भागून 12 ने गुणले की 11,613. दोन्ही मिळून 41,613 रुपये. इथे एक बारकावा आहे. नव्या संहितेत ‘वेतन’ या शब्दाच्या व्याख्येतून घरभाडे भत्ता, प्रवासभत्ता आणि ओव्हरटाइम वगळलेले आहेत, आणि काही कंपन्या याचा आधार घेऊन थकलेला पगारही फक्त मूळ वेतनावर मोजतात. हे चूक आहे. त्याच व्याख्येत पुढे स्पष्ट लिहिले आहे की वेतन देण्याच्या प्रश्नापुरते हे भत्ते धरायचेच. म्हणून थकलेला पगार पूर्ण 30,000 च्या हिशोबानेच मागायचा. सेल्समधल्या लोकांनी मात्र लक्षात ठेवावे की कमिशन या परत धरलेल्या यादीत नाही. ते वेगळ्या ओळीत मागावे आणि त्यावर वाद होईल अशी तयारी ठेवावी.

शिल्लक रजा 24 दिवस. नेमणूकपत्रात रजेचे पैसे मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यावर मिळतील असे आहे, म्हणून 15,600 ला 26 ने भागून दिवसाचे 600 आणि 24 दिवसांचे 14,400. नेमणूकपत्रातच दोन्ही बाजूंनी एक महिन्याच्या नोटिशीची अट आहे आणि कंपनीने नोटीस दिलेली नाही, म्हणून नोटिशीचे 30,000. इथवरची बेरीज 86,013 रुपये होते.

जुन्या कायद्यात ‘नोकरी संपल्यामुळे कराराने किंवा कायद्याने देय होणारी रक्कम’ वेतनाच्या व्याख्येत शब्दशः होती; नव्या व्याख्येत ते शब्द नाहीत. त्यामुळे नोटिशीचे पैसे वेतन नव्हेत असा मुद्दा कंपनीचा वकील काढू शकतो. माझे मत असे की ही रक्कम मागावीच, पण पगाराच्या बेरजेत मिसळू नये. प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत, तिची तारीख आणि आधार लिहून मांडली, तर एखादी ओळ पडली तरी बाकीचा दावा उभा राहतो. सगळे एका आकड्यात कोंबले की एका वादग्रस्त रकमेसाठी निर्विवाद पगारही अडकून पडतो.

स्कॅनरच्या कपातीला उत्तर सोपे आहे. नुकसानीची वजावट तेव्हाच करता येते, जेव्हा ती वस्तू स्पष्टपणे त्या कर्मचाऱ्याच्या ताब्यात दिलेली होती, नुकसान थेट त्याच्या निष्काळजीपणामुळे झाले आणि वजावटीपूर्वी त्याला आपली बाजू मांडायची संधी दिली गेली. शिवाय वजावट प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त असू शकत नाही. स्टोअरमध्ये तीन पाळ्यांची माणसे जो स्कॅनर वापरतात, तो एकीच्या ताब्यात दिल्याची नोंद कुठे आहे, कारणे दाखवा नोटीस कुठे आहे, हे दोन प्रश्न दाव्यात लिहायचे. ‘क्लिअरन्स झाला नाही’ म्हणून सगळाच पगार रोखून धरणे हा तर वजावटीचाही प्रकार नाही. तुमच्याकडे कंपनीचा लॅपटॉप, ओळखपत्र, चाव्या असतील तर त्या पोच घेऊन लगेच परत करा. तेवढे एक निमित्त तरी कंपनीच्या हातून जाईल.

जे या दाव्यात घालायचे नाही

ग्रॅच्युइटी. तिची सेवा 6 वर्षे 10 महिने झाली. सहा महिन्यांपेक्षा जास्त उरलेला काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून 7 वर्षे. दिवसाचे 600, वर्षाला 15 दिवस, 7 वर्षे: 63,000 रुपये. ही रक्कम वेतन नाही, ती सामाजिक सुरक्षा संहितेखाली येते, आणि तिच्यासाठी त्या संहितेखाली नेमलेल्या सक्षम अधिकाऱ्याकडे वेगळा अर्ज करायचा. पुष्कळदा तो अधिकारी त्याच इमारतीत बसतो, कधी तोच माणूस असतो, तरीही अर्ज वेगळाच. ग्रॅच्युइटी देण्याची मुदत दोन दिवसांची नसून 30 दिवसांची आहे. तिची रक्कम ठरवून कळवणे ही मालकाचीच जबाबदारी आहे, तुम्ही अर्ज केलेला असो वा नसो. उशीर झाला तर साधे व्याज लागते. कायम नोकरीत पाच वर्षांची अट आहे. ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना आता एका वर्षानंतरच हक्क मिळतो, हे मुदतीच्या करारावर काम केलेल्या फार थोड्यांना माहीत असते.

पीएफचे पैसे कामगार कार्यालयाच्या अखत्यारीत नाहीत. कापलेला पीएफ भरलाच नसेल तर भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडे, epfigms.gov.in वर तक्रार करावी. कंपनीने फक्त नोकरी सोडल्याची तारीख टाकली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटल्यावर ती तारीख तुम्ही यूएएनच्या पोर्टलवर स्वतः टाकू शकता. त्यासाठी कुणाच्या पाया पडायची गरज नाही.

तिसरा विषय नोकरी जाण्याचाच. काढणे बेकायदा होते, कामावर परत घ्या किंवा नोकरकपातीची भरपाई द्या, ही मागणी औद्योगिक संबंध संहितेखाली येते. ती आधी समेट अधिकाऱ्यापुढे आणि मग न्यायाधिकरणापुढे जाते, आणि तिथे ‘कामगार’ असण्याची अट आहे. पर्यवेक्षकाचे काम करणारा आणि महिना 18,000 पेक्षा जास्त वेतन घेणारा त्यात बसत नाही. आपल्या उदाहरणातली बाई स्टोअरमध्ये हाताने काम करणारी आहे, तिच्या हाताखाली कुणी नाही, म्हणून ती बसते. किमान एक वर्ष सलग सेवा असलेल्या कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि दर वर्षाला 15 दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी लागते. ही लढाई लांब चालते. म्हणूनच पगाराचा दावा तिच्यात गुंतवू नये. दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे चालू शकतात.

कागद आणि अर्ज

अर्जाआधी कंपनीला एक लेखी मागणी पाठवावी. ती कायद्याने बंधनकारक आहे म्हणून नव्हे, तर पुढे ‘आम्हाला कुणी सांगितलेच नाही’ असे म्हणायला जागा राहू नये म्हणून. एक पानाचे पत्र पुरते: कामाला लागल्याची तारीख, सुटल्याची तारीख, ओळीओळीने रकमा, आणि सात दिवसांची मुदत. ते कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर आणि कामाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवावे, तेच एचआरला मेल करावे. पोस्टाची पावती आणि पोहोचल्याचा ट्रॅकिंगचा कागद दोन्ही जपून ठेवावेत.

तोंडी काढले असेल तर त्याच रात्री एक साधा मेल लिहावा: ‘आज संध्याकाळी पाच वाजता अमुक पदावरच्या अधिकाऱ्याने मला उद्यापासून कामावर येऊ नका असे सांगितले. मी कामावर यायला तयार आहे.’ या दोन वाक्यांची किंमत पुढे कळते, कारण कंपनीचे ठरलेले उत्तर असते की ती स्वतःच यायची बंद झाली. व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेशही चालतो, फक्त तो मोबाइलसह जपावा, नुसता स्क्रीनशॉट पुरेसा मानू नये.

पुरावा म्हणून नेमणूकपत्र, शेवटच्या काही पगारस्लिपा, बँकेचे खातेउतारे, पीएफचे पासबुक, फॉर्म 16 आणि रजेच्या शिल्लकीचा कागद लागतो. रजेची शिल्लक बहुधा कंपनीच्या पोर्टलवर असते आणि ते लॉगिन नोकरी गेल्या दिवशीच बंद होते, त्यामुळे नोकरी डळमळीत वाटू लागली की आपल्या स्लिपा आणि रजेचे पान उतरवून ठेवावे. नेमणूकपत्र नसले तरी घाबरू नये. बँकेत दर महिन्याला त्या कंपनीकडून आलेला पगार आणि पीएफच्या पासबुकात तिचे नाव, एवढ्यावर नोकरीचे नाते सिद्ध होते. आणि एकदा पैसे न मिळाल्याचा दावा दाखल झाला की ते दिले आहेत हे सिद्ध करण्याचा भार कलम 59 ने मालकावर टाकला आहे.

अर्ज तुम्ही स्वतः करू शकता, नोंदणीकृत संघटना करू शकते, संहितेखालचा निरीक्षकही करू शकतो. एकाच कंपनीतून एकदम बरीच माणसे काढली असतील तर सगळ्यांचा मिळून एकच अर्ज चालतो, आणि तो जास्त वजनदार ठरतो. कामाचे ठिकाण ज्या भागात येते तिथल्या कामगार उपायुक्त किंवा सहायक कामगार आयुक्त कार्यालयात तो द्यायचा. बँक, विमा, रेल्वे, विमानतळ, दूरसंचार, खाणी अशा ठिकाणचे कर्मचारी मात्र केंद्राच्या अखत्यारीत येतात. त्यांनी केंद्रीय कामगार आयुक्तांच्या विभागीय कार्यालयात जायचे, राज्याच्या नाही. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज कधी पुढे पाठवला जातो, कधी फाईलमध्येच राहतो.

अर्जाचा नमुना कार्यालयातून घ्यावा, पण नमुना कोणताही असला तरी त्यात चार वाक्ये असायलाच हवीत. विषयाच्या ओळीत ‘तक्रार’ एवढेच न लिहिता ‘वेतन संहिता, 2019 च्या कलम 45 अन्वये वेतनाचा दावा’ असे लिहावे. पुढे रकमांचा तक्ता आणि प्रत्येक रक्कम कोणत्या तारखेला देय झाली ते. आपल्या उदाहरणात डिसेंबरचा पगार 7 जानेवारीपर्यंत द्यायला हवा होता आणि बाकीचे वेतन 14 जानेवारीपर्यंत, म्हणजे या दोन तारखा. मग मागणी: दाव्याची रक्कम आणि तिच्याशिवाय नुकसानभरपाई. अधिकाऱ्याला ठरवलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार आहे. दहापट मिळेल अशी आशा धरू नये, तो वरचा टोकाचा आकडा आहे. पण मागितलीच नाही तर ती का द्यावी हा प्रश्नही उभा राहत नाही. कारणे नेमकी लिहावीत: पगार थांबल्याने घरकर्जाचा कोणता हप्ता चुकला, शाळेची फी भरायला किती उसने घेतले, आणि त्याचे कागद जोडावेत. चौथे वाक्य म्हणजे कंपनीकडचे मस्टर, वेतन नोंदवही आणि रजा नोंदवही हजर करायला लावा ही विनंती. साक्षीदार बोलावणे आणि कागद हजर करायला लावणे या बाबतीत अधिकाऱ्याला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत.

विरुद्ध पक्षाचे नाव बरोबर लिहिणे हे क्षुल्लक वाटते आणि तिथेच बरेच दावे घसरतात. गेटवरच्या पाटीवर एक नाव असते, पगार देणारी कंपनी दुसरी असते. पगारस्लिप, फॉर्म 16 आणि पीएफ पासबुक यांवरचे पूर्ण नाव घ्यावे. कंत्राटदारामार्फत काम केले असेल तर कंत्राटदार आणि ज्या कंपनीत काम केले ती कंपनी, दोघांनाही पक्षकार करावे. कंत्राटदाराने पैसे दिले नाहीत तर ज्याची आस्थापना आहे तो जबाबदार, असे कलम 43 सांगते. कंत्राटदार ऑफिस बंद करून निघून जातो, कारखाना मात्र जागेवरच असतो.

दाखल झाल्यावर

कंपनीला नोटीस निघते. पुष्कळ प्रकरणे पहिल्या दोन तारखांतच मिटतात, कारण पगाराचा भाग कंपनीलाही नाकारता येत नाही. तडजोड करायची असेल तर ती अधिकाऱ्यासमोर लेखी करावी, त्यात रक्कम, तारीख आणि बँकेत जमा होण्याची पद्धत लिहावी. ‘आधी अर्ज मागे घ्या, मग पैसे टाकतो’ हे कधीही मान्य करू नये. पैसे खात्यात दिसेपर्यंत अर्ज चालूच ठेवावा.

तडजोड झाली नाही तर कंपनी लेखी म्हणणे देते, तुम्ही त्याला उत्तर देता, पुरावा होतो आणि आदेश निघतो. तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा असे कायदा म्हणतो. ती सक्ती नाही आणि प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो. तुमच्या हातात एवढेच आहे की तारीख चुकवायची नाही. कंपनी गैरहजर राहिली तर एकतर्फी आदेश होऊ शकतो, पण तुम्ही गैरहजर राहिलात तर अर्ज निकाली निघू शकतो. प्रत्येक तारखेला रोजनाम्यात काय लिहिले गेले ते वाचून घ्यावे आणि त्याची नक्कल मागावी.

तुमचे प्रकरण खरोखर दावा म्हणून चालले आहे की साधी तक्रार म्हणून, हे ओळखायची खूण सोपी आहे. दाव्याला स्वतंत्र क्रमांक आणि वर्ष असते, नोटिशीवर कलम 45 लिहिलेले असते आणि पुढची तारीख रोजनाम्यात नोंदवली जाते. तुमच्याकडे फक्त आवक क्रमांक असेल आणि कंपनीला गेलेले पत्र ‘चर्चेसाठी उपस्थित राहावे’ एवढेच म्हणत असेल, तर ती तक्रार आहे. तक्रार चालू असली तरी मुदत थांबत नाही. ती चालू राहू द्या, पण दावा वेगळा दाखल करा.

आदेशाविरुद्ध 90 दिवसांत अपील करता येते. कंपनीने अपीलही केले नाही आणि पैसेही दिले नाहीत, तर अधिकारी वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्याकडे पाठवतो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. कागदावर हे भक्कम आहे. व्यवहारात तो दाखला तहसील कार्यालयात जातो आणि इतर वसुलीच्या ढिगात पडतो. तिथे तुमची मदत लागते. कंपनीचे ज्या बँकेतून पगार यायचे ते खाते, शाखा, कारखान्याचा पत्ता, गट क्रमांक, यंत्रसामग्री कुठे आहे, एवढी माहिती एका अर्जात लिहून तहसीलदारांना द्यावी. खाते गोठवायला नेमके काय लागते हे तलाठ्याला शोधायला लावण्यापेक्षा त्याच्या हातात दिलेले बरे. पगाराची खातेउताऱ्याची पाने इथे पुन्हा कामी येतात.

एका परिस्थितीत मात्र हा सगळा मार्ग अडतो. कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू होऊन राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने स्थगिती लावली, की तिच्याविरुद्धचे दावे आणि वसुली थांबतात. तेव्हा कामगार कार्यालयात तारखा घेत बसण्यात अर्थ नाही. या प्रक्रियेसाठी नेमलेल्या दिवाळखोरी व्यावसायिकाकडे, जाहीर सूचनेत दिलेल्या मुदतीत, कर्मचाऱ्यांसाठीच्या नमुन्यात आपली मागणी नोंदवावी लागते. कामगाराच्या मागच्या 24 महिन्यांच्या येण्याला तिथे तारण असलेल्या कर्जदात्यांच्या बरोबरीचे स्थान आहे, आणि पीएफ व ग्रॅच्युइटी निधीत असलेले पैसे तर कंपनीच्या मालमत्तेत धरलेच जात नाहीत. ही सूचना वर्तमानपत्रात येते आणि मुदत थोड्याच दिवसांची असते, म्हणून पगार लटकू लागलेल्या कंपनीचे नाव महिन्यातून एकदा दिवाळखोरी मंडळाच्या ibbi.gov.in या संकेतस्थळावर तपासत राहावे.